सणाच्या सात आठवडे आधी

मास्तरीणबाईंनी कुठल्याही शाळेत कधी शिकवलं नव्हतं. नवरा शिंपी, त्याला सगळे मास्तर म्हणायचे, म्हणून ही मास्तरीण. तो गेल्यावर दुकान गेलं, पण नाव चिकटून राहिलं. खिडकीजवळचं कापायचं टेबल, एक जड कात्री आणि जिभेला धार, एवढ्यावर बाईंनी अकरा वर्षं काढली. बाही वाकडी बसली म्हणून कुणी तक्रार केली, तर आधी त्याच्या खांद्यात खोट काढायच्या आणि मग मुकाट्याने उसवून द्यायच्या.

व्हिडिओचं खूळ पुतणीचं. ती एका कचेरीत कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइल स्टँडवर लावून काकूंचे हात टिपायची. गेल्या वर्षी दोघींनी सणाच्या चार दिवस आधी लहान मुलीच्या फ्रॉकचा व्हिडिओ टाकला. बघणारे दोनशे बारा, त्यातले निम्मे नात्यातले. बाई म्हणाल्या, लोकांना शिवणाची आवडच राहिली नाही. पुतणी म्हणाली, आवड आहे, आपणच वरात गेल्यावर घोडा सजवला.

या वर्षी तिने लोक इंटरनेटवर काय काय शोधतात त्याचा पाच वर्षांचा आलेख काढून काकूंसमोर धरला. रेघ सणाच्या पाच आठवडे आधी हलायला लागते, दोन आठवडे आधी टोकाला जाते आणि सणाच्या आठवड्यात कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. साहजिकच आहे. घरी शिवणारी बाई आधी माप शोधणार, मग कापड आणणार, मग रोज थोडं थोडं शिवणार. शेवटच्या चार दिवसांत धावतात ते तयार कपडे घेणारे. शिवाय सणाची तारीख दर वर्षी मागेपुढे सरकते, म्हणून गेल्या वर्षीची तारीख धरायची नाही, सणापासून उलटे आठवडे मोजायचे. आणि व्हिडिओ टाकला की लगेच वर दिसत नाही. थोडे लोक येतात, शेवटपर्यंत बघतात, तेव्हा कुठे तो शोधात वर सरकतो. म्हणून सात आठवडे आधी टाकायचा, आणि चित्रीकरण त्याच्याही महिनाभर आधी.

कापडवाला हसला. सणाला तीन महिने आहेत, आत्ताच जरीचं कापड कुठून आणू, म्हणाला. शेवटी त्याने मागच्या हंगामातला एक निळा तुकडा खालच्या फळीवरून काढून दिला.

बाईंना घाई होती, पण ती पुतणीला वाटत होती त्या कारणासाठी नव्हती. गेल्या हिवाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजरेचा मधला भाग झिजत चाललाय, गेलेलं परत येणार नाही. कडेकडेचं दिसायचं, पण जिकडे रोखून बघावं तिथेच धुरकट डाग. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मास्तरांची कापायची रीत एकदा धडपणे लोकांपुढे ठेवावी, चार अनोळखी बायांच्या हातात जावी, मग डोळ्यांचं काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पुढच्या सणापर्यंत नजर टिकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

व्हिडिओ सुरेख झाला. कापडाची चौघडी घालून बाईंनी वर जुना नमुन्याचा फ्रॉक ठेवला, शिलाईची जागा सोडून खडूने रेघ मारली, टेप लावला आणि पाच वर्षांच्या मुलीसाठी छातीचं चौथाई माप इंचांत सांगितलं. ‘साडेसहा.’ पुतणीने तोच आकडा पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत टाकला आणि कापणं संपेपर्यंत तिथेच ठेवला. शिवलेला फ्रॉक शेजारच्या मुलीला अगदी बेतल्यासारखा बसला. ठरलेल्या गुरुवारी व्हिडिओ आपोआप प्रसिद्ध झाला.

आणि आलेखाप्रमाणेच घडलं. पहिले दोन आठवडे शुकशुकाट. मग तो शोधात सातवा, मग तिसरा, मग पहिला. दिवसाला नऊ हजार लोक बघायला लागले. बाई रोज संध्याकाळी आकडा विचारायच्या आणि ‘असू दे, असू दे’ म्हणत खुशीत पदराने टेबल पुसायच्या.

सणाला तीन आठवडे राहिले असताना पुतणी प्रतिक्रिया वाचता वाचता थांबली. फ्रॉक अंगात जात नाही, असं एकीने लिहिलं होतं. कापताना हात हलला असेल, बाई फणकारल्या. मग दुसरीने लिहिलं, मग एकदम अकराजणींनी. पुतणीने नमुन्याचा फ्रॉक काढला, तशीच चौघडी घालून टेप लावला. शिलाईसकट साडेसात भरले. चौघडीवर एक इंच कमी म्हणजे अंगभर चार इंच कमी. बाईंनी कापलं होतं नमुन्यावरून, म्हणून त्यांचा फ्रॉक बसला. आकडा मात्र त्यांनी टेपवरचा वाचला होता.

“काकू, इथे सात आहे. तू सहा कसं वाचलंस?”

बाई टेबलाची कड चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला मधलं दिसत नाही गं. अंदाजाने म्हणाले.”

पुतणीला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता. टाकलेल्या व्हिडिओच्या जागी दुसरा बसवता येत नाही. त्यातला तुकडा कापता येतो, पण चुकीचा आकडा सगळ्या कापण्यावर होता, तो काढला तर फ्रॉकच उरत नव्हता. काढून नवा टाकावा, तर तो शून्यापासून चढणार, आणि टोक एका आठवड्यावर आलेलं. तिने व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत बरोबर माप लिहून ते सगळ्यांच्या वर अडकवलं. पण एका हातात कात्री असलेली बाई खालचं वाचत नाही. दोन दिवसांत आणखी तीसजणींचं कापड वाया गेलं.

निदान नवा तर टाकू, म्हणून दोघी रविवारी टेबलाशी उभ्या राहिल्या. बाईंनी खडू उचलला. दोन महिन्यांत डाग वाढला होता. रेघ निघाली ती नमुन्यापासून दोन बोटं दूर, आणि पुढे वळून थेट त्यावर चढली. त्यांनी ती हाताने पुसली आणि पुन्हा मारली. तिसऱ्यांदा पुतणीने मोबाइल बंद केला. तिला स्वतःला कापता येत नव्हतं, एवढ्या वर्षांत काकूंनी तिला कात्री धरू दिली नव्हती. ‘कचेरीतले हात’ म्हणून तिला कायम चिडवलं होतं, आणि आता त्याचा त्यांना फार पश्चात्ताप झाला.

त्याच दुपारी एक प्रतिक्रिया आली. पुतणीने ती मोठ्याने वाचली. “काकू, माझं कापड फुकट गेलं, पण राग नाही. तुमच्यासारखं समजावून कुणी सांगत नाही. पुन्हा कापड आणते. बरोबर मापाचा व्हिडिओ कधी टाकताय? अजून अठरा दिवस आहेत.”

“काय लिहू?” पुतणीने विचारलं.

बाईंनी खडू टेबलावर ठेवला. “लिही, आकडा मला दिसला नव्हता. आता रेघही दिसत नाही. दुसरीकडून शिका, बाई. एवढं तिच्यापर्यंत गेलं की उद्या तो व्हिडिओ काढून टाक.”

पुतणीने परोपरीने समजावलं. एवढा वर चढलेला व्हिडिओ पुन्हा चढत नाही, आणि पुढच्या वर्षी टाकायला आपल्याकडे काय असणार आहे? बाई म्हणाल्या, “मास्तरांच्या रीतीने कुणाचं कापड वाया जाऊ नये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, कचेरीत जायच्या आधी, तिने तो काढला. तीनच दिवसांनी शोधाची रेघ बरोबर तिने दाखवलं होतं त्याच दिवशी टोकाला गेली. त्या संध्याकाळी बाईंनी सवयीने विचारलं, “आज किती जणांनी बघितला?”