कान्हाच्या उंचीची चौकट

रेवदंड्याच्या बाजारात वाल विकून झाले, की आवडाबाई रिकामी टोपली सुनेच्या हाती देऊन सरळ खाडीपलीकडच्या घराकडे निघायची. पण सत्तावन सालच्या वैशाखात एका बाजारच्या दिवशी ती वाट वाकडी करून विसाजी मेस्त्र्यांच्या लाकडाच्या वखारीत शिरली. तिच्या घराचं छप्पर गेल्या पावसाळ्यात तीन ठिकाणी गळलं होतं. वासे वाळवीने खाल्ले होते. यंदा गवत काढून कौलं घालायची, पुढची भिंत उचलायची, असं ठरलेलं होतं. मेस्त्री आधी येऊन माप घेणार, मग खर्चाचा अंदाज सांगणार आणि तो पटला तरच काम धरणार.

विसाजी मेस्त्री हा माणूस कामाला चोख, पण बोलायला बसला की समोरच्याने काम विसरावं असा. मात्र माप घ्यायला कुणाच्या घरी जायचं म्हटलं, की तो शहाण्यासारखा एकेक गोष्ट विचारून घेई. एकदा खाडीपलीकडे जाऊन, घराला कुलूप बघून, चिखल तुडवत परत आला होता. तेव्हापासून हा नेम.

"कधी येऊ?"

"बीजेला या. दुपारच्या भरतीला तरीची होडी धक्क्याला लागते. सकाळी आलात तर गुडघाभर चिखल."

"धक्क्यावरून घर कुठं?"

"बांधाबांधानं सरळ. चिंचेपाशी उजव्या हाताला. कुत्रा हाय, पन बांधून ठेवीन."

"माळ्यावर चढायला लागेल मला. आढं, वासे हाताने बघितल्याशिवाय मी अंदाज देत नाही. माळा मोकळा हवा."

"करते मोकला."

"दुपारी चूल नको. वर धुरात मला काही दिसत नाही. आणि शेजारी कोण?"

"दीर. भागोजी."

"त्यालाही बोलावून ठेव. पागोळ्या कुणाच्या अंगणात पडायच्या ते त्याच्या समोर ठरलं पाहिजे. नंतर भांडणं माझ्या डोक्यावर येतात." मेस्त्र्यांनी कानावरची पेन्सिल काढून उगाच खाजवल्यासारखं केलं. "बरं, घरचं कोण असेल? निर्णय घेणारं माणूस हवं. आणि टेपचं दुसरं टोक धरायलाही."

"कान्हा असंल," आवडाबाई म्हणाली.

"मग काय! माझा गडी आणत नाही. कान्हा असला म्हणजे झालं."

वखारीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला तिची सून राही टोपल्या डोक्यावर घेऊन उभी होती. पदर कपाळाखाली ओढलेला. तिने हे ऐकलं आणि तिच्या डोक्यावरच्या टोपल्या हलल्या.

तिचा मुलगा, राहीचा नवरा कान्हा माघातच गेला होता. मुंबईला गोदीत कामाला होता तो. क्रेनवरून मालाची गासडी सुटली, तिच्याखाली सापडला. तार आली तेव्हा भागोजी गेला. तिथेच सगळं उरकून एका पिशवीत त्याचे कपडे घेऊन परत आला. आवडाबाईने ती पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हशीला पाणी दाखवायला गेली. गावच्या बायका गळ्यात पडून रडल्या, तेव्हा ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुःख झालं नाही असं नव्हे. काही झालंच नाही, असं होतं. अंगावर काही पडलं तरी लागू नये, तशी ती वावरत होती. "मेला" हा शब्द तिने एकदाही तोंडातून काढला नव्हता. कुणी काढला तर ती ऐकून घेई.

दिवाळीला कान्हानेच मेस्त्र्यांशी हे बोलणं लावलं होतं. "वैशाखात या, मी रजा घेऊन येतो," असं तो सांगून गेला होता. आता वैशाख आला होता आणि मेस्त्र्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. खाडीच्या या बाजूची बातमी त्या बाजूला पोचायला कुणाला तरी ती न्यावी लागते, आणि ही बातमी न्यायचा हक्क जिचा, तिनेच ती नेली नव्हती.

तरीतून उतरून घरी येऊन हातपाय धुतल्यावर राही म्हणाली, "आत्या, तुमी मेस्तऱ्यांना काय सांगितलाव?"

"काय सांगितलं?"

"हे असतील म्हनून."

आवडाबाईला खरंच आठवेना. मग आठवलं, आणि आठवूनही काही झालं नाही. "सांगते निरोप," ती म्हणाली. "रघूबरोबर."

रघू म्हणजे तरीची होडी वल्हवणारा. दिवसातून चारदा पलीकडे जाणारा आणि निरोप जसाच्या तसा पोचवणारा. दुसऱ्या दिवशी आवडाबाई धक्क्यावर गेली. रघूने विचारलं, "काय सांगू मेस्तऱ्यांना?"

आवडाबाईने तोंड उघडलं. "सांग, शिडी आमच्याकडं हाय. त्यांनी आनू नये."

"बस?"

"बस."

त्याच्या पुढच्या दिवशी ती परत गेली. या खेपेला सांगितलं, की चिंचेपाशी वाट दोन्हीकडे फुटते, उजवीचीच धरायची. रघू हसला. म्हणाला, "आवडामावशी, मेस्तरी काय विलायतेतून येतोय?" तीही हसल्यासारखं करून परत आली. अशी दोन वेळा खाडीच्या काठाशी जाऊन जे सांगायचं ते सोडून बाकी सगळं तिने सांगितलं. एवढी नीट वाट त्या घराची आजवर कुणी कुणाला सांगितली नसेल.

राहीने मग आपल्या परीने भागोजीला गाठलं. भागोजी म्हणाला, "मी हाय ना! मी सांगतो मेस्तऱ्याला." पण भागोजीचंही तसंच होतं. मुंबईहून परत आल्यापासून तो त्या दिवसाबद्दल कुणाशी बोलत नसे.

बीजेच्या सकाळी दोघी सासवा-सुनांनी माळा मोकळा केला. बियाण्याच्या कणग्या, जुनी जाळी, फुटकी पाटी, सगळं अंगणात आलं. कुत्रा गोठ्यात बांधला. चूल पहाटेच विझवून भाकऱ्या झाकून ठेवल्या. शिडी पडवीत लावून ठेवली. सगळं सांगितल्याबरहुकूम होतं, एक सोडून.

भरती चढली आणि होडी धक्क्याला लागली. मेस्त्री धोतराचा सोगा खोचून, बगलेत कातडी डबीतली टेप घेऊन बांधावरून आले. अंगणात पाय ठेवतानाच हाक: "कान्हा! ये रे, टोक धर. उन्हात जीव गेला माझा."

भागोजी पडवीच्या कडेला बसला होता, त्याने जमिनीवरचं एक काटूक उचललं आणि त्याचे तुकडे करू लागला. राही दाराआड झाली.

मेस्त्र्यांना वाटलं, पोरगा मागे वाडीत असेल. ते आपल्या नादात बोलत राहिले. "आधी दार घेऊ. दिवाळीत मला सांगत होता, मेस्तरी, घर कसंही करा, पण दार उंच करा. दर खेपेला घरात शिरताना कपाळाला टेंगूळ येतं म्हणे. म्हटलं, बाबा, आमची रीत आहे. घरधन्याला अनवाणी उंबऱ्यात उभा करायचा, त्याच्या डोक्यावर एक वीत सोडायची, ती चौकट. तुझ्यावाचून माप घेणार नाही मी. बोलाव त्याला, आवडाबाय."

"तो न्हाय," आवडाबाई म्हणाली.

"कुठं गेला? मी गडी नाही आणला त्याच्या भरवशावर."

ती उंबऱ्याकडे बघत होती. तिला वाटलं, रघूला सांगावं तसं आता आणखी काहीतरी सांगावं. शिडीचं, कुत्र्याचं. पण ते सगळं सांगून संपलं होतं.

"मेला," ती म्हणाली. "माघात. गोदीत."

मेस्त्र्यांच्या बडबडीला आयुष्यात पहिल्यांदा कुणी असा बांध घातला असेल. ते पडवीच्या पायरीवर बसले. टेपची डबी मांडीवर ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही गं."

"मीच न्हाय सांगितलं. तुमी इचारलंव, घरी कोन असंल. माज्या तोंडातून त्याचंच नाव आलं." तिचा आवाज कुणी विचारल्यावर वालांचा भाव सांगावा तसा होता. "मी त्याला बगितला न्हाय, मेस्तरी. ह्ये भागोजी गेले व्हते. मला कपडे दिले आनून."

भागोजीच्या हातातलं काटूक संपलं होतं. तो खाली मान घालून बसला.

"मग आता राहू दे," मेस्त्री म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

"छप्पर थांबायचं न्हाय. माप घ्या."

भागोजी उठून टेपचं टोक धरायला पुढे आला. आवडाबाईने ते त्याच्या हातातून घेतलं. पितळी कडी बोटात अडकवून ती भिंतीच्या कोपऱ्याशी जाऊन बसली. मेस्त्री मागे मागे सरकत गेले. ओटी झाली, माजघर झालं. मेस्त्री शिडीने माळ्यावर चढले, आढ्याला पेन्सिल टोचून बघितली, कुजलेल्या वाशांवर खडूने खुणा केल्या. पागोळ्यांचं भागोजीच्या समोर ठरलं. मेस्त्री आकडे पुटपुटत होते आणि ती सांगतील तिथे टोक धरत होती. टेप ताणली की कडी बोटात रुते. ते तिला कळत होतं, एवढंच.

शेवटी दार राहिलं. मेस्त्री घुटमळले. "हे आहे तसंच ठेवू का? तुम्हा दोघींना काही अडत नाही. खर्चही वाचेल."

आवडाबाईने चौकटीला हात लावला. दार खरंच तिच्या डोक्याच्या वर होतं. वरच्या आडव्या लाकडाच्या मध्यावर मात्र तेलकट काळा डाग होता. तिथे त्याचं कपाळ लागायचं. पण डाग दाराचीच उंची सांगत होता, त्याची नव्हे.

तेवढ्यात राही दाराआडून बाहेर आली. इतका वेळ तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती दाराशेजारच्या भिंतीशी गेली. पायातलं काढायचं नव्हतंच, ती अनवाणीच होती. भिंतीला तोंड करून तिने उजवा हात वर नेला, टाचा किंचित उचलल्या, आणि तळवा आडवा करून भिंतीला लावला. कुठे थांबायचं हे तिने शोधलं नाही. हाताला ते ठाऊक होतं.

"इथवर," ती म्हणाली.

मेस्त्र्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि तिच्या हाताखाली एक रेघ ओढली. राहीने हात खाली घेतला आणि परत दाराआड गेली.

रेघ भिंतीवर राहिली. दाराच्या आडव्या लाकडापेक्षा चार बोटं वर. आवडाबाई तिच्याखाली जाऊन उभी राहिली. मान वर करून बघू लागली, घरी आलेल्या कान्हाशी बोलताना बघायची तशी.

"येवढा व्हता," ती म्हणाली. "येवढा व्हता गो माझा!" आणि भिंतीला कपाळ लावून ती मोठ्याने रडू लागली. तार आली त्या दिवशी रडायला हवं होतं तशी.

राही धावत येऊन तिला बिलगली. मेस्त्र्यांनी टेप गुंडाळली, आणि मग लक्षात येऊन पुन्हा उघडली. भिंतीवरच्या रेघेवर एक वीत सोडून त्यांनी नव्या चौकटीची खूण केली. खाडीवर रघू हाका मारत होता. भरती उतरायला लागली होती आणि मेस्त्र्यांना आता चिखलातून जावं लागणार होतं. पण ते पायरीवर बसून राहिले.