दोन सुजांची वही

मराठी शाळेतून मी थेट कुंभकोणमला नर्सिंगला आले, तर पुस्तकं सगळी इंग्रजी. मग मी वहीत डाव्या पानावर इंग्रजी शब्द आणि उजव्या पानावर मराठी अर्थ लिहू लागले. त्या वहीचा मला भारी गर्व.

इन्फ्लमेशनपुढे मी ‘सूज’ लिहिलं होतं आणि इडीमापुढेही ‘सूज’. वॉर्डात एका आजींचे पाय सुजले होते. इडीमा कसा ओळखायचा, असं मॅडमनी विचारलं. मी ठणकावून सांगितलं, ‘‘लाल होतो, गरम लागतो, ठणकतो.’’ मॅडमनी माझा अंगठा आजींच्या नडगीवर काही सेकंद दाबून धरला. उचलला, तर तिथे खड्डा राहिला. पाय ना लाल होता, ना गरम; मी सांगितली ती इन्फ्लमेशनची लक्षणं होती.

संध्याकाळी रागारागाने मी दोन्ही ‘सूज’ खोडल्या. इडीमापुढे लिहिलं, ‘पाणी साठतं, दाबलं की खड्डा पडतो.’ होस्टेलच्या खोलीतल्या, तमिळ शाळेत शिकलेल्या शेजारणीने अर्थ विचारला. मी तिला अंगठ्याने दाखवला. तिने माझ्याच पानावर खाली तमिळमध्ये लिहून टाकला. पुढे प्रत्येक पानावर तेच झालं.

वर्गात मराठी वाचता येणारी मी एकटीच. तरी परीक्षेच्या तोंडावर माझी वही मलाच मिळत नाही.