दोन परसाखाली

उत्कर्षा भित्री होती, आणि ते ती लपवत नसे. आटपाडीकडच्या माळावर तिच्या बापाची मेंढरं अजून चरतात. लहानपणी विहिरीवर गेली की ती काठावरून लांब उभी राहायची आणि दुसऱ्या कुणाला तरी बादली सोडायला लावायची. वर दिसतंय त्याच्या खाली काय असेल, या विचारानं ती बिचकायची. पुढं हीच मुलगी सांगलीला भूशास्त्र शिकली, विश्रामबागेत खोली घेऊन राहिली आणि कुपवाडच्या एका प्रयोगशाळेत लागली. तिचं काम काय, तर जमिनीला भोकं पाडून खालची माती वर आणायची आणि तिच्यात विष मुरलंय का ते बघायचं. भित्र्या माणसानं असा धंदा का धरावा, असं गावाकडची माणसं विचारायची. भीती काही गेली नव्हती; ती रोज कामाला बरोबर यायची.

उन्हाळा तोंडावर आला होता तेव्हा फलटणच्या पुढं एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपाची जागा तपासायचं काम आलं. जागा नानासो तात्यांची. पंप दुसऱ्यानं चालवला, बंद केला, टाक्या उकरून नेल्या, त्याला बरीच वर्षं झाली. आता तात्यांना तिथं मुलासाठी घर बांधायचं होतं. मुलगा फौजेत होता. सून अंकिता आणि तिची चार वर्षांची शिवांजली मागच्या जुन्या घरात राहत होत्या. घराच्या आणि पंपाच्या जागेच्या मध्ये, उताराच्या बाजूला, विहीर होती. सगळं घर त्या विहिरीचंच पाणी प्यायचं.

विहीर बघितली आणि उत्कर्षा काठापासून लांबच थांबली.

"वहिनी, पाण्याला कधी वास आलाय?"

"न्हाई वो. गोड हाय पाणी. पाव्हणं बाटल्या भरून न्हेत्यात," अंकिता म्हणाली आणि तांब्याभर पाणी पुढं केलं. उत्कर्षानं तांब्या हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. अंकिताच्या ते ध्यानात आलं.

तात्यांनी फिरून जागा दाखवली. इथं टाक्या होत्या, इथं गाड्यांत तेल भरायची यंत्रं, इथनं नळ गेले होते, आणि इथं टँकर लावून टाक्या भरायचे. उत्कर्षानं चुन्याची फक्की घेऊन जमिनीवर चौकटी आखल्या. सगळ्या जागेवर दहा-दहा मीटरच्या, म्हणजे कुठला कोपरा सुटायला नको. पण जिथं तेल सांडण्या-झिरपण्याचा संभव जास्त, त्या टाक्यांच्या खड्ड्यावर, नळांच्या वाटेवर आणि टँकर लावायच्या जागी तीन-तीन मीटरच्या. भोकं पाडायचं यंत्र चालवणारा शंभूराज हसला. "मॅडम, कबड्डीचं मैदान आखताय का काय? सरळ मधी एक भोक पाडू आन् चहाला जाऊ."

"शंभूदादा, तेल मधोमध बसून आपली वाट बघत नसतं."

"बरं. मग खोल किती?"

हाच खरा प्रश्न होता. वरवरची माती बघून काही कळत नाही. टाकी गळते ती तळाशी, नाहीतर सांध्याला, आणि तेल खाली खाली जात पाण्यावर तरंगतं. म्हणून टाकीच्या तळाच्या खाली पोचायलाच हवं. "तात्या, टाक्यांचा तळ किती खोल होता?"

"दोन परस," तात्या म्हणाले. विहिरी खणणारी माणसं खोली परसात सांगतात. परस म्हणजे उभ्या माणसाच्या उंचीएवढं. "म्या सोता उतरून बघितलं हुतं खड्ड्यात. दोन परस, वर टीचभर न्हाई."

दोन परस म्हणजे साडेतीन मीटरच्या आत. उत्कर्षानं चार मीटर ठरवलं.

पहिली भोकं टाक्यांच्या खड्ड्यात पाडली. गिरमिट गरगरत खाली गेलं आणि लालसर मुरूम वर आला. तो आला की ती मूठभर माती पिशवीत घालून तोंड बंद करायची, पिशवी थोडा वेळ उन्हाच्या उबेला ठेवायची आणि मग तिच्यात वाफ मोजायच्या यंत्राची नळी खुपसायची. मातीत पेट्रोल असेल तर त्याची वाफ पिशवीत साठते आणि यंत्र आकडा दाखवतं. डिझेलची वाफ कमी, म्हणून काही माती बाटलीत भरून बर्फाच्या पेटीत, प्रयोगशाळेसाठी.

आकडा शून्य. दुसऱ्या भोकात शून्य. तळाशी कुठं दोन, कुठं सहा. सहा म्हणजे काहीच नाही.

तात्यांचा चेहरा उजळला. "सांगितलं न्हवतं? जमीन माझी धुतल्यावाणी हाय. पोराला फोन लावतो."

शंभूराजही खूश होता. एकटी उत्कर्षा आकडे पुन्हा पुन्हा वाचत होती. जिथं इतकी वर्षं तेल उतरलं, तिथं इतकं स्वच्छ? आणि ते दोन, ते सहा, सगळे तळाशीच का? वर शून्य, खाली सहा. कुणीतरी दाराआड श्वास रोखून उभं असावं, तसं तिला वाटत राहिलं.

दुपार टळली तेव्हा खड्ड्यातली भोकं संपली आणि ते पहिल्यांदाच खड्ड्याबाहेर, कुंपणाकडच्या कोपऱ्यावर आले. टाक्यांपासून लांब. इथं खड्डा कधी झालाच नव्हता. तरी गिरमिटातून तोच लाल मुरूम यायला लागला. कमरेच्या वर येईल एवढ्या खोलीपर्यंत मुरूम, आणि मग एकदम काळी माती. त्या काळ्या मातीत कुजलेल्या हराळीची मुळं होती.

उत्कर्षा खाली बसली. मुळं बोटांत धरून तिनं बघितली. हराळी कधी जमिनीच्या पोटात उगवत नाही.

"तात्या," ती हळू म्हणाली, "ही जागा भराव घालून उचललीय का?"

"म्हंजी काय! रस्ता रुंद केला तवा उचलला न्हाई का त्यांनी? पावसाचं पाणी समदं आमच्यात घुसाय लागलं. मग सगळ्यांनीच मुरूम आणून जागा उचलल्या. रस्ता उचलला की आपुन उचलायचं, त्यात इचारायचं काय?"

"टाक्या काढल्या त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर. त्यो खड्डाबी त्याच मुरमानं भरला."

तात्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. दोन परस म्हणजे तेव्हाच्या जमिनीपासून दोन परस. आणि उत्कर्षानं मोजलं ते आजच्या जमिनीपासून. मध्ये सव्वा मीटरचा भराव होता. तिची सगळी भोकं टाकीच्या तळाच्या वरच थांबली होती. दिवसभर तिनं विकत आणलेला, टेकडीवरचा, कोरा मुरूम तपासला होता.

"परत खड्ड्यावर," ती म्हणाली.

"मॅडम, आवरलं की आता. शून्यच हाय की समदं."

"म्हणूनच."

पाच मीटरच्या जवळ गिरमिट गेलं आणि वर आलेली माती लाल नव्हती. हिरवट करडी, ओलसर, चकाकणारी. पिशवी उबेला ठेवून वाट बघावीच लागली नाही. वास आला, गोडसर, डोक्यात चढणारा. "इंजिन बंद!" उत्कर्षा ओरडली. "तात्या, मागं व्हा! वहिनी, पोरीला घेऊन लांब जा!" शंभूराजानं झटक्यात इंजिन बंद केलं. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा पुसली गेली होती. एक ठिणगी पुरली असती. तिनं ज्वालाग्राही वायू मोजायचं यंत्र लांब काठीला बांधून भोकाच्या तोंडाशी धरलं. वारा लागून वाफ विरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

पिशवीतला आकडा चारशेच्या वर गेला.

"आता खाली जायचं?" शंभूराजानं विचारलं. "किती खोल मुरलंय ते बघाय?"

तिला जायचं होतं. पण खाली पाणी होतं. या घाणीतून भोक तसंच पुढं नेलं तर घाणीला खाली उतरायला तिनंच वाट करून दिल्यासारखं झालं असतं. ती थांबली. भोक फुगणाऱ्या चिकणमातीनं, बेंटोनाइटनं, तळापासून तोंडापर्यंत बुजवून घेतलं. गिरमिट साबणानं घासून धुतलं. मग ती विहिरीच्या दिशेनं चालत गेली आणि फक्कीनं एका रेषेत तीन नव्या खुणा केल्या.

"उद्या हिथनं सुरू करू. विहिरीजवळनं. चांगल्या मातीकडून वाईटाकडं यायचं, म्हणजे घाण आपल्या हातानं पसरत नाही."

"चांगली कशावरनं?" अंकिता मागं येऊन उभी होती. पोर तिच्या कडेवर होती. "ताई, हिथली माती चांगली, ह्ये तुमी ठरवलं कशावरनं?"

उत्कर्षानं हातातली फक्की खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी विहिरीजवळच्या भोकात वरचा मुरूम शून्य, त्याखालची काळी माती शून्य. उत्कर्षाला जरा धीर आला. मग ओला मुरूम लागला, पाण्याच्या पातळीचा, आणि यंत्रानं तेहतीस दाखवलं. तिनं यंत्र मोकळ्या हवेत धरलं. शून्य. पुन्हा पिशवीत. तेहतीस. वाटेतल्या बाकीच्या दोन भोकांत त्याच खोलीवर आकडा वाढतच गेला, खड्ड्याकडं जाईल तसा. वरची माती स्वच्छ, आणि खालून, पाण्याच्या पाठीवर बसून, ते चालत आलं होतं.

तिनं विहिरीच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या, हवेचा बुडबुडा राहू न देता झाकणं लावली, आणि मग वळून म्हणाली, "आजपासून हे पाणी पिऊ नका. स्वयंपाकालाही नको. आंघोळीलाही नको."

"आवं पर अजून तपासलंय कुठं?" तात्या चिडले. "नाकाला वास न्हाई, जिभेला चव न्हाई! जलमभर हेच पाणी प्यालोय. तुझ्या डबड्यानं सांगितलं म्हणून म्या विहीर सोडू? भित्री हायस तू, पोरी."

"हो तात्या," ती म्हणाली. "लय भित्री. वास यायच्या आधीच ते पाण्यात असू शकतं. अहवाल चांगला आला तर मला फोनवर शिव्या घाला."

तात्या बोलत राहिले. अंकिता त्यांच्या शेजारून गेली, भिंतीवरच्या पेटीतून मोटारीचा फ्यूज उपसला आणि पदरात बांधला. सासऱ्यापुढं ती एरवी आवाजही चढवत नसे.

अहवाल यायला आठवडा लागला. पाण्यात बेंझिन होतं, पेट्रोलमधलं विष. फार नव्हतं, पण पिण्याच्या पाण्याला चालतं त्यापेक्षा जास्त. उत्कर्षानं तो तीनदा वाचला, आकडा बदलेल म्हणून. मग फलटणला अंकिताला फोन लावून सगळं सांगितलं. लांबून शिवांजलीचा आवाज येत होता, कशाला तरी हसत होती.

"ताई," अंकिता म्हणाली, "ह्ये कवापासनं आसंल पाण्यात? आत्ता आलं, का पोर पोटात हुती तवाबी हुतं?"

उत्कर्षानं डोळे मिटले. किती खोल ते माती सांगते, किती लांब गेलं तेही सांगते. केव्हा आलं, ते त्या बाटल्यांतलं पाणी सांगू शकत नव्हतं. आणि धीर द्यायचा म्हणून खोटं बोलायची तिला भीती वाटत होती.

"मला माहीत नाही, वहिनी. पोरीचं रक्त तपासून घेऊ. साताऱ्याला डॉक्टर बघते."

"मी एकली कशी जाऊ? ह्ये तर तिकडं सीमेवर. मामंजींनी त्या दिसापासनं अन्न धड खाल्लं न्हाई."

"एकट्या नाही. मी येते ना," उत्कर्षा म्हणाली. "सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं."