सर्वांत लांब पर्याय

शेजारच्या घरातल्या थोरल्या सुनेला आम्ही पाठीमागे ‘पर्यायबाई’ म्हणतो. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही. संध्याकाळच्या लॉ कॉलेजात ती प्रशासकीय कायदा शिकवते आणि उरलेल्या वेळात त्यावरचे सराव प्रश्न काढते. एक प्रश्न, चार पर्याय आणि शेवटी उत्तरसूची. नुसतं ‘(ब)’ लिहून हात झटकणारी सूची नव्हे. बरोबर ते बरोबर का आणि उरलेली तिन्ही चूक का, हे प्रत्येकाखाली लिहिलेलं. परीक्षेला बसणाऱ्यानं घरबसल्या स्वतःलाच तपासावं म्हणून. ही सवय तिच्या अंगात इतकी मुरली आहे की पाहुण्याला काय घेणार विचारतानाही चार पर्याय देते, आणि पाहुणा ‘काहीही चालेल’ म्हणाला तर म्हणते, “तो पर्याय मी ठेवत नाही.”

आता हा प्रशासकीय कायदा म्हणजे काय, तर सरकारी कचेरीनं आपला अधिकार कसा वापरावा याचं शास्त्र. एखाद्याचा परवाना रद्द करायचा तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं, आपल्याच भानगडीत आपण न्यायाधीश होऊ नये, हुकूम काढला तर त्यात कारणं लिहावीत, वगैरे. आणि दैवयोग बघा, पर्यायबाईंचा धाकटा दीर परवाना कचेरीतच कारकून. म्हणजे ती जे करू नये म्हणून शिकवते, ते करणाऱ्यांच्या टेबलाशेजारी याचं टेबल.

या धाकट्याला खात्याची परीक्षा पास व्हायची होती. दोनदा बसला, दोन्ही वेळा याच एका पेपरात आपटला. तिसरी संधी शेवटची. ती गेली की आहे त्याच खुर्चीत केस पांढरे करायचे आणि मागून आलेल्या पोरांना ‘साहेब’ म्हणायचं. त्याची आई, म्हणजे पर्यायबाईंच्या सासूबाई, येताजाता टोचायच्या, “घरात विहीर, आणि आमचा मुलगा तहानेनं वाळलाय.”

तेव्हा सुनेनं दिरासाठी पन्नास-पन्नास प्रश्नांचे संच काढायला घेतले. पहिल्या संचात त्याला अठरा मिळाले. दुसऱ्यात तीस. पाचव्यात सेहेचाळीस. सासूबाईंनी ही बातमी गल्लीत अशी फिरवली की दूधवाल्यानंही त्याला ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केली.

आणि इथे माझी एंट्री. त्यांच्याकडे मी रोज सकाळी पेपर वाचायला जातो. स्वतःचा घेत नाही. शेजाऱ्याच्या पेपरात बातम्या जास्त असतात. त्या दिवशी टेबलावर ताजा संच पडला होता. मी म्हटलं, बघू तरी. कायद्याशी माझा संबंध एवढाच की भाड्याच्या करारावर न वाचता सह्या केल्यात. पेन्सिल घेतली, चहा संपायच्या आत पन्नासही खुणा करून टाकल्या. पर्यायबाईंनी गंमत म्हणून तपासला. मार्क पडले त्रेचाळीस.

तिनं चष्मा काढून पुसला. पुन्हा तपासला.

“काका, सूची कुठं मिळाली तुम्हाला?”

“सूची तुझ्या हातात आहे की, सूनबाई.”

“मग एवढं आलं कसं?”

“काही नाही गं. प्रत्येक प्रश्नात सगळ्यांत लांब पर्याय कुठला ते बघितलं आणि खूण केली.”

तिनं संच स्वतःकडे ओढला. मी आपलं शिक्षकाच्या थाटात समजावून सांगितलं. तिचे चूक पर्याय कसे, तर ‘नेहमीच’, ‘कधीच नाही’, ‘गरज नाही’. आणि बरोबर पर्याय म्हणजे, ‘कायद्यानं स्पष्टपणे वगळलं नसेल आणि परिस्थिती इतकी तातडीची नसेल की आधी ऐकून घेणं अशक्य व्हावं, तर सर्वसाधारणपणे होय.’ कायदेवाल्यांचं असंच असतं. खोटं त्यांना तीन शब्दांत सांगता येतं. खरं सांगायला अटी लागतात.

सासूबाई आतून ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हणजे आमचा धाकटा हुशार नाही?”

“हुशार आहेत, आई. पण कशात, ते आता कळेना.”

परीक्षा महिन्यावर आलेली. थोरला म्हणाला, “त्याला काही सांगू नकोस. आत्मविश्वास आहे तेवढा तरी राहू दे.” यावर पर्यायबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की जणू तोच परवाना कचेरी आहे. “त्यांच्याबद्दलचा निर्णय, आणि त्यांना न विचारता?” मग धाकट्याला बोलावून समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मीही तिथंच थांबलो. असल्या वेळी उठून जाणारा मी नव्हे.

धाकट्यानं जुना संच काढून आपल्या खुणा एकेक तपासल्या. शेवटी म्हणाला, “वहिनी, शपथेवर सांगतो, मी लांबी बघत नव्हतो. मला वाटायचं, उत्तर आतून सुचतंय.”

बिचारा खोटं बोलत नव्हता. डोळ्यांना सवय लागली होती, आणि तो तिलाच अभ्यास समजत होता.

दुसऱ्या दिवसापासून पर्यायबाईंनी सगळे संच नव्यानं लिहायला घेतले. चारही पर्याय एका मापाचे. चूक पर्यायांतही अटी, परंतु, जर-तर. ‘नेहमीच’ आणि ‘कधीच नाही’ यांना बरोबर उत्तरातही थोडी जागा. आणि चूक पर्याय हवेतून काढायचे बंद. धाकट्यानं पूर्वी जिथं जिथं घोळ घातला होता, तेच घोळ नीट कपडे घालून पर्यायात उभे केले. मग कसोटी म्हणून प्रत्येक संच आधी माझ्यापुढे यायचा. तिचा हिशेब सरळ होता. चार पर्याय असतील आणि काकांना काहीच येत नसेल, तर काकांना पावपट मार्क पडले पाहिजेत. जास्त पडले तर उत्तराचा वास कुठून तरी येतोय. पहिल्या दिवशी मला एकवीस पडले. तिनं संच परत नेला, घासूनपुसून आणला. मला तेरा पडले, तेव्हा तिनं स्वतः बिस्किटांचा डबा पुढे केला. नापास झाल्याबद्दल आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी काही खायला दिलं.

धाकट्याला त्याच संचात एकोणीस पडले.

“काकांपेक्षा सहा जास्त,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं, आपण धीर देतोय.

दोन दिवस तो वहिनीशी बोलला नाही. ताट वाजवून उचलायचा, चप्पल आपटून घालायचा. तिसऱ्या दिवशी स्वतःच संच घेऊन आला, पण एक खोड घेऊन आला. आधी खूण करायची, मग सूची उघडायची, आणि मग म्हणायचं, “हां, हेच माझ्या मनात होतं. माझं कारणही अगदी हेच.”

“आदेशात नसलेली कारणं मागाहून जोडता येत नाहीत, भाऊजी,” ती म्हणाली. “तिसरा संच, प्रश्न नववा. तुमचा चुकला होता.”

आणि तिनं नियम केला. सूची उघडायच्या आधी प्रत्येक खुणेपुढे कारण लिहायचं. खूण बरोबर आणि कारण चूक, तर मार्क नाही. पहिला कागद आला तो असा: ‘(क), कारण (क) योग्य वाटते.’

“हे कारण नाही. हा तुमच्या साहेबांचा शेरा झाला,” पर्यायबाई म्हणाल्या आणि कागद परत केला. “रद्द. फेरनिर्णयासाठी परत.”

“प्रश्न काढणार तुम्ही, तपासणार तुम्ही आणि तक्रार ऐकणारही तुम्हीच,” धाकटा भडकला. “स्वतःच्याच प्रकरणात स्वतः न्यायाधीश? हे चालतं तुमच्या कायद्यात?”

ती इतकी खूश झाली की विचारू नका. “आलं की तुम्हाला. पण अपवाद विसरलात. निर्णय द्यायला दुसरं कुणी सक्षम उपलब्धच नसेल, तर पक्षपाताचा नियम बाजूला ठेवावा लागतो. आणि इथं दुसरं कुणी म्हणजे…” तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पेपर वर धरला.

पुढचे आठवडे त्या घरात कारणांचा सुकाळ झाला. धाकट्याची कारणं एका ओळीची दोन ओळींची झाली, मग लहान होत होत पुन्हा एका ओळीची झाली, पण आता त्या ओळीत काहीतरी असायचं. मार्क चढले, पण पहिल्यासारखी उडी मारून नव्हे. चिक्कू माणसानं चिल्लर मोजावी तसे. एकोणीस, तेवीस, बावीस, एकोणतीस. परीक्षेला गेला तेव्हा सासूबाईंनी गल्लीत काही सांगितलं नाही. त्यावरूनच प्रकरणाचं गांभीर्य कळावं.

खात्यानं आधी तात्पुरती उत्तरसूची लावली. पेपर शंभर मार्कांचा, पासाला पन्नास. धाकट्यानं पडताळून पाहिलं. एकोणपन्नास.

धाकटा एकाच प्रश्नावर बोट ठेवून बसला होता. परवानाधारकाला नोटीस दिली ती फी थकल्याबद्दल. त्याला बोलावलं, ऐकलं, आणि परवाना रद्द केला तो जागा अस्वच्छ म्हणून. आदेश वैध की नाही? खात्याची सूची म्हणत होती (अ), वैध, कारण सुनावणी दिली होती. धाकट्यानं लिहिलं होतं (क), अवैध.

“हरकत घेता येते,” पर्यायबाई म्हणाल्या. “कारणांसह, आठवड्यात. द्या, मी लिहिते.” त्यांनी पेन उचललंसुद्धा.

धाकट्यानं ते हळूच त्यांच्या हातातून घेतलं. “हरकतीचा अधिकार उमेदवाराला दिलाय, वहिनी. उमेदवारानं तो पुढे दुसऱ्याला द्यायचा म्हणजे कायद्यात तशी सोय पाहिजे. आहे का?”

“नाही,” ती म्हणाली. त्या आवाजात मला तिच्या लॉ कॉलेजातल्या पंधरा वर्षांच्या शिकवण्याचं समाधान ऐकू आलं.

“विनवणी कर चांगली,” सासूबाई म्हणाल्या. “लिही, गरीब माणूस आहे, एका मार्कानं अडलाय.”

“आई, ती तथ्यं प्रस्तुत नाहीत.”

त्यानं पाच ओळी लिहिल्या. नोटिशीत विचारलं फीबद्दल, तेव्हा माणूस उत्तर देणार फीबद्दल. अस्वच्छतेबद्दल त्याला कुणी विचारलंच नाही, म्हणून त्यावर त्याचं म्हणणं ऐकलं गेलंच नाही. समोर बसवलं म्हणजे ऐकून घेतलं असं होत नाही. नोटिशीबाहेरच्या कारणावर काढलेला आदेश टिकत नाही, सबब (क). पर्यायबाईंनी वाचलं. लाल पेन हातात होतं, पण ते कागदाला लागलं नाही.

महिन्याभरानं अंतिम सूची आली. त्या प्रश्नापुढे (अ) खोडून (क). धाकटा बरोब्बर पन्नासांवर पास. सासूबाई चपला न घालताच गल्लीत गेल्या.

पर्यायबाई मात्र सूची उलटसुलट करून बघत होत्या. हरकत मान्य केली, बदल केला, पण का केला याबद्दल कुठं एक अक्षर नाही. “कारणच दिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “विनाकारण आदेश. याला कुणी आव्हान दिलं तर…”

धाकट्यानं सूची त्यांच्या हातातून काढून घेतली, चार घड्या करून खिशात घातली आणि वर खिशाचं बटण लावलं.

“वहिनी,” तो म्हणाला, “आव्हान कोण देणार, ते आधी सांगा. काका तर नापास आहेत.”