कारणांचा रकाना

चूक कबूल करायला मला कधीच जड गेलं नाही, फक्त ती दुसऱ्याची असायला हवी.

जासईच्या एका कंटेनर डेपोत मी पंचवीस वर्षं आयातीची बिलं हाताळली. डॉलरचा भाव रोज डोळ्यांखालून जायचा. म्हणून नोकरी सुटल्यावर डॉलर-रुपयाच्या वायद्यात उतरलो आणि आपल्याला त्यातलं कळतं असं गृहीत धरलं. वरणाचा वास घेऊन स्वयंपाकी व्हावं, तसला प्रकार. तेव्हा नियम आजच्याइतके कडक झाले नव्हते, कुणीही येऊन सौदा करायचा.

पनवेलच्या बाजारात मिठाईच्या दुकानावर ब्रोकरचं छोटं ऑफिस होतं. तिथे आम्ही पाच-सहाजण स्क्रीनसमोर बसायचो. मी मोठ्या आवाजात बोलायचो, त्यामुळे सगळे मला ‘सर’ म्हणू लागले. फायदा किती झाला हे कुणी विचारत नव्हतं, ही त्यांची सभ्यता.

माझी एक वही होती. तारीख, भाव, सौद्याचं कारण, स्टॉपलॉस म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला भाव, निकाल. हे कारण सौद्याआधी लिहायचं असतं, म्हणजे नंतर पान उलटून तीच चूक पुन्हा होतेय का ते दिसतं. मी कारण संध्याकाळी, निकाल कळल्यावर, चहा पिऊन सावकाश लिहायचो. फायदा झाला की ‘अभ्यास’. तोटा झाला की कधी अमेरिका, कधी कच्चं तेल. वर्षभरात माझी स्वतःची चूक एकही निघाली नाही. असा निर्दोष माणूस पनवेल तालुक्यात दुसरा नसेल.

जवळच्या नेरे गावाहून एक काका येत. थोडी जमीन फार्महाऊसवाल्याला विकून त्यांनी हा नाद लावून घेतला होता. माझ्या शेजारी बसत, मी घेतलं की घेत, मी विकलं की विकत. त्यांनाही मी वही ठेवायला लावली. “काका, प्रत्येक सौद्याचं कारण लिहा. बटण दाबायच्या आधी. खरं तेच लिहा,” असं मी बजावलं. उपदेश फुकटचा होता, म्हणून भरपूर दिला.

एका दुपारी काका वही घेऊनच आले. चेहरा उतरलेला.

“सर, पोऱ्या बोलतो खातं बंद करा. आमी त्याला सांगलं, सरांना वही दाखवतो, चूक कुठं हाय ती ते काढतील. चूक गावली तर सुधारू, नाय तर आजच बंद.”

माझी छाती फुगली. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. बाकीचेही जवळ सरकले.

काकांनी शिस्त माझ्यापेक्षा कितीतरी चोख पाळली होती. प्रत्येक ओळीत वेळसुद्धा. मी पहिली ओळ मोठ्याने वाचली. ‘८२.४० ला दहा लॉट घेतले. कारण : सर बोलले वर जाणार. स्टॉपलॉस ८२.३०.’ त्याखाली : ‘स्टॉपलॉस काढला. कारण : सर बोलले थांबा, फिरेल.’ निकाल : ‘८२.०५ ला विकले. पस्तीस पैसे गेले. तोटा साडेतीन हजार.’

दहा लॉट म्हणजे दहा हजार डॉलर; दहा पैशांवर सुटले असते तर हजारात भागलं असतं. त्या दिवशी डॉलर वर जाणार असं मी ऑफिसभर सांगून बसलो होतो. मग सगळ्यांसमोर दहा पैशांत माघार कशी घ्यायची? माझ्या वहीत त्या तारखेला ‘कच्चं तेल’ होतं.

दुसरी ओळ मी हळू आवाजात वाचली. तिसरी मनात. सर बोलले. सर बोलले थांबा. सर बोलले अजून घ्या. पानं उलटत गेलो, तोटा मोठा तिथे मी हजर. मध्ये एक आठवडा वेगळा होता : ‘सर लग्नाला गेले. कारण : आपल्याला वाटलं. स्टॉपलॉस हलवला नाय.’ त्या आठवड्यात तोटे होते, पण शे-दोनशेचे, आणि शेवटी थोडा फायदाच.

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याहून आधी काकांचाच राग आला. इतकं खरं लिहायचं असतं का कुणी?

“गावली का चूक, सर?” काकांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच सहन होईना. घरी मुलाला काय सांगायचं एवढीच त्यांना काळजी.

अमेरिका ओठांवर आली होती. गिळली.

“सापडली,” मी म्हणालो. “एकच आहे, पुन्हा पुन्हा झालेली. मी.”

काकांनी खिशातून पेन काढलं आणि नवी ओळ सुरू केली. तारीख घातली. वेळ घातली. ‘चूक गावली’ असं लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी हात थांबला.

“सर लिवू,” त्यांनी विचारलं, “का नाव लिवू?”

“नाव लिहा.”