कुंपणावरचा दिवा आणि अक्काच्या कोंबड्या

आमच्या गावात अक्काविषयी आज तीन हकिकती सांगितल्या जातात आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली म्हणते, ती आपण होऊन गाव सोडून गेली. दुसरी म्हणते, मी घाबरलो आणि तिला घेऊन पळालो. तिसरी शाळेच्या निवृत्त हेडमास्तरांची. ते प्रत्येक समारंभात सांगतात की अक्काच्या कोंबड्या दिव्यावरचे किडे खात, म्हणून हे सगळे झाले आणि मी त्याला उगाच शास्त्राचा मुलामा दिला. मी त्या प्रकरणात होतो. हेडमास्तर त्या वर्षी गावात बदलून आलेही नव्हते.

अक्का माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि गावाच्या कडेला, आमच्या वाटणीच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. मागे परस होते, आणि परसात कोंबड्या. मी तेव्हा पुण्याजवळ एका सरकारी कुक्कुटपालन केंद्रात देखरेखीच्या कामाला होतो आणि रविवारी गावी येत असे. गावाला वीज नव्हती. पिंपरीच्या माळावर मात्र कारखाने उभे राहू लागले होते, आणि त्यांतल्या एकाचे कुंपण अक्काच्या परसाला येऊन भिडले होते. त्या वर्षी पावसाळ्याआधी कुंपणाच्या खांबावर विजेचा दिवा बसवला गेला. तिन्हीसांजेला तो लागे आणि रात्री उशिरा दुसरी पाळी सुटली की मालवला जाई. त्याचा उजेड सरळ अक्काच्या खुराड्यावर पडे. खुराड्याची पुढची बाजू जाळीची होती, त्यामुळे कोंबड्या त्या उजेडातच बसत. कितीदा तर आत न जाता खांबाखालीच उकरत राहत.

दिवाळी झाली आणि गावातल्या कोंबड्यांनी अंडी देणे कमी केले. हे दर वर्षीचे. ज्येष्ठातल्या दिवसापेक्षा मार्गशीर्षातला दिवस आमच्याकडे दोन तासांहून अधिक आखूड असतो. कोंबडीला थंडी कळते, उपासही कळतो, पण अंडी द्यायची की नाही हे तिचे शरीर मुख्यतः उजेडाच्या लांबीवरून ठरवते. उजेड डोळ्यांतून जातो, आणि कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोचतो. उजेड पुरेसा वेळ मिळाला तर मेंदूकडून अंडाशयाला चालना मिळते. दिवस आखडत गेला की ती चालना मंदावते, कोंबडी पिसे गाळते आणि अंगाची डागडुजी करत बसते. आमच्या केंद्रात म्हणूनच हिवाळ्यात पहाटे दिवे लावून दिवस वाढवला जाई. अक्काच्या कोंबड्यांना हा वाढीव दिवस कारखान्याने फुकट दिला होता. त्यांची अंडी थांबली नाहीत.

हे पहिल्यांदा बोलून दाखवले शेजारच्या काकीने. ती आमच्या भाऊबंदांतली, आणि तिची सून तेव्हा पहिलटकरीण होती, तीन महिन्यांनी बाळंत होणार. काकीच्या कोंबड्या पिसे गाळून ओक्याबोक्या फिरत होत्या. एका रविवारी मी परसात असताना ती बांधावर येऊन उभी राहिली.

"काय गं, तुझ्या बऱ्या अंडी देत्यात?"

"देत्यात खऱ्या," अक्का म्हणाली. "तुला हवीत का? सुनेला दे."

"नगं बाई. आमच्याच घरची आमाला परत कशाला देतीस?"

अक्काला आधी अर्थच लागला नाही. काकीने तो लावून दिला. "आमच्या कोंबड्यांची कूस आटली अन् तुझ्या भरल्या. इकडनं तिकडं गेल्याबिगर भरत्यात व्हय? आज कोंबड्या. उद्या माझी सून हाय घरात, एवढंच सांगती."

ती निघून गेली. अक्का हातातले दाणे मुठीत धरून तशीच उभी राहिली. त्या क्षणापासून पणाला काय लागले होते, ते आम्हा दोघांनाही समजले: सुनेचे काही बरेवाईट झाले असते तर अक्काला गावात राहता आले नसते. कदाचित त्याहून वाईट झाले असते. एकट्या बाईचे काय होऊ शकते, ते त्या काळात कोणाला सांगावे लागत नसे.

पुढच्या दोन आठवड्यांत विहिरीवर अक्का आली की बायका घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या. कोणी भांडत नव्हते. तेच अधिक वाईट होते. मी पाटलांकडे गेलो. चावडीत चार म्हातारे बसले होते, काकीही दाराशी होती. मी दिव्याची गोष्ट सांगितली.

"कोंबड्यांचे डाक्टर आले बरं का," एक म्हातारा म्हणाला. "दिवा बघून कोंबडी अंडी देती म्हणे. मग आमच्या म्हातारीपाशी कंदील ठेवतो, बघू काय देती ते."

सगळे हसले. मी म्हणालो, "गेल्या साली दिवा नव्हता. गेल्या साली अक्काच्या कोंबड्याही तुमच्यासारख्याच थांबल्या होत्या. विचारा कोणालाही."

"व्हय," काकी म्हणाली. "गेल्या साली तिला इद्या आली नव्हती."

पाटील समंजस माणूस होता, निदान तसे दिसण्याची त्याला आवड होती. त्यानेच तोडगा काढला: अक्काच्या कोंबड्या काकीच्या घरी आणि काकीच्या अक्काच्या घरी ठेवायच्या. इथे मला ठासून सांगायचे आहे की ही अदलाबदल माझी कल्पना नव्हती. लोक ती माझ्या माथी मारतात. मी फक्त होकार दिला, आणि देताना बजावले की थोडे दिवस धीर धरा, कोंबडीचे अंग दिव्यासारखे बटण दाबून चालू-बंद होत नाही.

काकीचे खुराडे मातीचे, ठेंगणे, पुढे फळी. सूर्य मावळला की आत काळोख. अक्काच्या कोंबड्या तिथे गेल्या आणि पहिले काही दिवस अंडी देत राहिल्या. त्यात नवल काहीच नव्हते. अंडे देणाऱ्या कोंबडीच्या पोटात बलकांची लहानमोठी रांग लागलेली असते, आणि वाढीला लागलेले बलक उजेड कमी झाला म्हणून एका दिवसात जिरत नाहीत. काकीला मात्र ही आपली जीत वाटली.

"बघा, दिवा न्हाई तरी देत्यात. हात तिचा लागलाय त्यास्नी."

मग ती रांग संपली. एकेक करून सगळ्या थांबल्या. आता तरी गाव गप्प बसेल असे मला वाटले. काकी दारोदार सांगत सुटली, "रागावली अन् काढून घेतलं. माझ्या घरात आलेलं तिनं काढून घेतलं."

इकडे दिव्याखाली काकीच्या कोंबड्यांना नवी पिसे फुटली, तुरे लाल झाले, आणि संक्रांतीच्या आधी, गावात दुसरीकडे कुठेही अंडे दिसत नसताना, त्या अंडी देऊ लागल्या. हेडमास्तरांच्या किड्यांना माझे उत्तर इथेच आहे. पौषाच्या गारठ्यात त्या दिव्यावर किडे जवळजवळ नव्हतेच. होता तो फक्त उजेड.

माझे म्हणणे अक्षरशः खरे ठरले होते. पण चावडीत गेलो तेव्हा पाटील माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "राव, तिच्या घरातनं निघाल्या त्या आटल्या. तिच्या घरात गेल्या त्या भरल्या. तुमी आनखी काय सिद्ध करताय?"

तेव्हा मला दिसले की ही परीक्षा कशी फसली. दिवा आणि अक्का एकाच जागी होते. कोंबड्या कितीही फिरवल्या तरी त्या दोघांपासून एकदमच दूर जात, आणि दोघांजवळ एकदमच येत. माझे शास्त्र जे भाकीत करत होते, तेच काकीचा संशयही करत होता. दोघांना वेगळे करायचे तर दिवा हलवणे माझ्या हाती नव्हते. अक्काला हलवणे होते.

म्हणून, आणि केवळ म्हणूनच, मी म्हणालो, "महिनाभर अक्का माझ्याकडे येईल. घराला कुलूप. काकीच्या कोंबड्या तिथेच दिव्याखाली राहतील, दाणे काकीच टाकेल. अंडी चालू राहिली, तर गावाने तिची माफी मागायची."

माझे बोलणे पुरते व्हायच्या आतच चावडीत बसलेल्यांनी होकाराच्या माना हलवल्या. त्यांना परीक्षेचे काही पडले नव्हते. त्यांना ती जायला हवी होती, आणि तिला नेण्याचे काम मी स्वतःहून पत्करले होते. याला जे पळून जाणे म्हणतात, त्यांनी मला एकदा सांगावे की त्यांनी दुसरे काय केले असते.

अक्का दोन लुगडी घेऊन निघाली. वाटेत एवढेच म्हणाली, "तू हुशार हायेस. पर त्यांला अंडी मोजायची न्हाईत रे."

दोन आठवड्यांनी मी एकटा गावी गेलो. घर बंद होते आणि दिव्याखालच्या कोंबड्या व्यवस्थित अंडी देत होत्या. मला पाहताच काकी टोपली पदराआड करत उठली. अक्का होती तोवर त्या परसातले अंडे सुनेच्या तोंडी लावायला तिची तयारी नव्हती. आता ती रोज नेत होती.

मी तिला घेऊनच पाटलांकडे गेलो. "बघा. अक्का नाही, अंडी आहेत. आता बोला."

पाटलांनी पानाला चुना लावत सावकाश उत्तर दिले. "अंडी हायेत ते चांगलंच झालं. कोन न्हाई म्हनतंय? पर सुनेचे दिवस भरत आलेत. तवर नगा आणू तिला. उगं कशाला?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"शब्द कोंबड्यांचा होता, राव."

माघात सून बाळंत झाली. मुलगा, धडधाकट, सूनही सुखरूप. मला खरोखर आनंद झाला, कारण आता अक्काविरुद्ध बोलायला काही उरले नाही असे मी समजलो. बारशाच्या जेवणावळीत माझ्याच पंगतीत एकजण दुसऱ्याला म्हणाला, "वेळेवर गेली ती बाई, म्हणून पोर हाती लागलं." दुसऱ्याने मान डोलावली आणि भाजी मागितली. कोणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

तोवर दिवस मोठा होऊ लागला होता. थोड्याच आठवड्यांत गावभर खुराड्यांतून कोंबड्यांचा कलकलाट सुरू झाला, घरोघर अंडी आली, आणि तेही अक्का गेल्याच्या खाती जमा झाले. मी पंचांग घेऊन जाऊन दिवसाचे मान दाखवले. पाटलाच्या मुलाने ते उलटे धरले आणि सगळे पुन्हा हसले.

मी परत येऊन अक्काला सांगितले की मुलगा झाला, आणि आता आपण जाऊ, मी पुढे चालेन, कोण अडवतो ते बघू. ती तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "पोर बरं हाय?"

"एकदम बरं."

"मग मला कसं जाता येईल?" ती म्हणाली. "उद्या त्याला पडसं झालं तर? दात येताना ताप आला तर? नाव माझंच यील. त्या पोराला लहानाचं मोठं व्हायचंय अजून. रोज सकाळी उठून मी देवाला त्याचं बरं मागू, ते त्याच्यासाठी का माझ्यासाठी?"

ती अखेरपर्यंत माझ्याकडेच राहिली. तो मुलगा मोठा झाला, सुखाने नांदला, आणि आता तोच गावच्या सभेत उभा राहून सांगतो की अक्का आपण होऊन गेली.