शेवटच्या पानावरचा पत्ता

हॉलंडमधल्या रायस्वाइकच्या त्या घराचा जिना इतका उभा होता की पाहुणे वर जाताना हात टेकत. सुहासिनी करमरकर मात्र एका हातात धुतलेल्या कपड्यांची टोपली आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन तो चढत असे. माळ्यावरच्या खोलीत ती राहत होती. तिरक्या छपराखाली पलंग, खिडकीशी अरुणची तसबीर, आणि उभं राहायचं तर खोलीच्या मधोमध.

अरुण गेला तेव्हा घर सोडायची पाळी आली. त्याच्या पगारावर घेतलेलं घर हॉटेलातल्या चादरी इस्त्री करणारीला कसं परवडणार? तेव्हा अरुणचा मित्र हेमचंद्र सबनीस पुढे आला. तिथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, गणपतीत माइक हातात धरला की खाली न ठेवणारा माणूस. "वहिनी, अरुणची बायको रस्त्यावर? मी असताना? माळा रिकामा आहे. घरच्यासारख्या राहा."

घरच्यासारखी म्हणजे काय ते तिला आठवडाभरात कळलं. भाडं दर महिन्याला बँकेतून जायचं आणि शिवाय सकाळचा चहा, संध्याकाळच्या पोळ्या, चतुर्थीचे मोदक. हेमचंद्राची बायको शुभदा नोकरीवरून उशिरा यायची, तिला तरी कुठे वेळ? जिन्याखालून हाक यायची, "वहिनी, चहा टाका हो!" आणि ती उतरायची.

नाव नोंदवायचा विषय तिने पहिल्याच महिन्यात काढला होता. इथे घर बदललं की खेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन नवा पत्ता सांगावा लागतो. हेमचंद्र हसला. "कशाला उगाच? घरात माणसं वाढली की खेमेंतेच्या शंका वाढतात. मधल्या खोलीत ती दोन आयटीवाली पोरं आहेत, त्यांचीही नावं इथे नाहीत. तुमचं नाव मंडळातल्या दत्ताच्या घरी घालून ठेवू, तिकडे कापेल गावात. नुसतं कागदावर."

दत्ता भला माणूस होता. त्याने होकार दिला, पत्रं आणून दिली. पुढे तो कायमचा नाशिकला गेला आणि त्याच्या घरात दुसरं कुटुंब आलं, तेव्हा सुहासिनीच्या नावाचं काय झालं असेल हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही.

मग पासपोर्टची मुदत संपत आली. २०१६ सालचा पावसाळी नोव्हेंबर होता. वाचनालयातल्या संगणकावर तिने भारत सरकारच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरला, छापून घेतला, फोटो चिकटवले आणि वेळ ठरवून हेगच्या केंद्रात गेली. भारतीय वकिलातीचं पासपोर्टाचं काम आता तिथे बाहेरच्या कंपनीकडे होतं. काचेमागचा मुलगा कागद भराभर चाळत गेला आणि एका जागी थांबला.

"आंटी, अ‍ॅड्रेस प्रूफ?"

तिने निवासाचं कार्ड पुढे सरकवलं. डच सरकारने दिलेलं, फोटोसकट.

"इस पे पता कहाँ है, आंटी?"

तिने कार्ड हातात घेऊन उलटंसुलटं केलं. नाव होतं, जन्मतारीख होती, पत्ता नव्हता. इतकी वर्षं पर्समध्ये बाळगलेलं कार्ड, आणि हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

"खेमेंते से एक्स्ट्रॅक्ट लाइए. ताज़ा. उसके बिना हम फॉरवर्ड नहीं कर सकते."

नोंदीचा तो उतारा मागायला ती तशीच रायस्वाइकच्या खेमेंतेत गेली. तिथल्या बाईने तिचा नंबर टाकला, पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. कापेलमधल्या घराच्या नव्या माणसांनी कळवलं होतं की ही बाई इथे राहत नाही. पाठवलेली पत्रं परत आली होती. चौकशीनंतर नोंद बदलली होती: निघून गेली, कुठे ते माहीत नाही.

"पण मी इथेच आहे," सुहासिनी म्हणाली.

"हो, मला दिसतंय," ती बाई जरा ओशाळून म्हणाली. "तुम्ही खरोखर जिथे राहता, तिथे नोंद करा."

पासपोर्ट नाही तर निवासाचं कार्ड पुढे वाढणार नाही, आणि कार्ड नाही तर नोकरी नाही. अरुणनंतर तिने एकटीने उभं केलेलं सगळं त्या एका कागदाला अडकलं होतं. संध्याकाळी तिने हेमचंद्राला सांगितलं. तो सोफ्यावर बसून चिवडा खात होता. चिवडा तिनेच केलेला.

"भावोजी, माझं नाव इथे घाला. घरमालकाच्या संमतीचं पत्र द्या, बाकी मी बघते."

"छे छे, वहिनी. बँकेला न विचारता खोल्या दिल्यात मी. कर्जाचं घर आहे. एक नाव आलं की सगळं उघडं पडेल." त्याने बोटं झटकली. "आणि खरं सांगू? कशाला हा आटापिटा? जावं परत. इथे कोण आहे तुमचं आता?"

शुभदाने मान खाली घातली. सुहासिनीने चिवड्याचा डबा उचलला, झाकण घट्ट लावलं आणि तो घेऊन वर गेली.

त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट शिजू लागली, मंद आचेवर, घाई न करता. तिने दुसऱ्या दिवशी खेमेंतेत जाऊन पत्ता बदलल्याची नोंद मागितली. भाड्याचा करार नव्हता, संमतीचं पत्र नव्हतं, पण दर महिन्याला बँकेतून गेलेल्या भाड्याचे उतारे होते. बाईने ते घेतले आणि सांगितलं की घरमालक संमती देत नसेल तर घरी माणूस येऊन पाहील. कधी, ते सांगणार नाही.

तिनेही घरात सांगितलं नाही. हाक आली की उतरत राहिली, चहा करत राहिली. हेमचंद्राला वाटलं, वहिनी नमल्या.

एका शनिवारी सकाळी घंटा वाजली. दारात खेमेंतेची उंच, ओल्या रेनकोटातली बाई, गळ्यात ओळखपत्र. हेमचंद्राचा चेहरा पडला, पण अध्यक्षपण कामाला आलं. तो इंग्रजीत म्हणाला, "मिसेस करमरकर? त्या आमच्या पाहुण्या आहेत. दोन आठवड्यांसाठी आल्यात. वुई आर लाइक फॅमिली." बाईने लिहून घेतलं. सुहासिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती.

आणि मग जे झालं ते फक्त त्याच घरात होऊ शकलं असतं. घरी माणूस आला, तोही सरकारी, त्याला सुकं कसं पाठवायचं? हेमचंद्राने बाईला खुर्ची दिली आणि सवयीने, मान वर करून, ओरडला, "वहिनी, चहा टाका हो!"

सुहासिनी उतरली. स्वयंपाकघर बैठकीला लागूनच, उघडं. तिने गॅस पेटवला. न पाहता वरच्या कपाटातून आधण ठेवायचं भांडं काढलं, तिसऱ्या खणातली साखर, मागच्या बरणीतली वेलची, फळीमागे लपवलेलं आलं. गाळणं कुठे टांगलंय ते न बघता हात तिकडे गेला. पाहुण्यांसाठीचे कप कोणते आणि रोजचे कोणते, हेही तिला विचारावं लागलं नाही. रेनकोटातली बाई लिहायची थांबून तिच्याकडे बघत राहिली.

"दोन आठवडे?" तिने हेमचंद्राला विचारलं. "आणि पाहुणीला तुम्ही चहा करायला सांगता?"

हेमचंद्र म्हणाला, "आमच्यात असं चालतं."

"हो ना," सुहासिनी इंग्रजीत म्हणाली. शाळेत नन्सनी घोटून घेतलेलं इंग्रजी, स्वच्छ आणि धारदार. "आमच्यात भाडं देणाऱ्या पाहुण्या रोज चहा करतात. वर चला, मॅडम, माझी खोली बघा. आणि जाताना मधल्या खोलीचं दारही दिसेल, तिथे दोघं झोपतात."

मधल्या खोलीचं सांगायची गरज नव्हती. तिला ते ठाऊक होतं. शुभदाने तिच्याकडे पाहिलं, त्या नजरेत विनवणी होती, आणि सुहासिनीला तिचं वाईटही वाटलं. पण तिने बोट दाखवलंच.

बाई गेल्यावर हेमचंद्र ओरडला नाही. आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, मी मंडळातल्या मोरेश्वरशी बोलतो. त्याच्याकडे नाव घालू. तो अर्ज मागे घ्या."

"खोटा पत्ता एकदा झाला, भावोजी. मी इथे राहते."

"मी अरुणसाठी काय केलं ते विसरलात?"

"नाही ना विसरले," ती म्हणाली. "म्हणूनच तर."

शुभदा वर आली, पलंगाच्या कडेला बसली. "सुहासिनीताई, त्यांचं बीपी वाढलंय. कर्ज माझ्याही नावावर आहे हो."

"मग तू त्या दिवशी तोंड का उघडलं नाहीस गं?"

शुभदा उठली आणि जिना उतरून गेली.

काही आठवड्यांनी नोंद झाली. मागोमाग सबनिसांच्या नावे खेमेंतेचं पत्र आलं: खोल्या वेगवेगळ्या भाड्याने दिल्या आहेत का, परवाना आहे का, खुलासा करावा. आयटीवाली पोरं बॅगा भरून निघून गेली. मंडळात कुजबुज सुरू झाली आणि त्या वर्षी संक्रांतीच्या कार्यक्रमात माइक दुसऱ्याच्या हातात होता. सुहासिनी पुढच्या रांगेत बसून तिळगूळ खात होती, एकेक लाडू, चवीने.

नव्या उताऱ्यासाठी ती खेमेंतेत गेली. मग वाचनालयात बसून अर्ज पुन्हा भरला. पहिल्या वेळी पासपोर्टवर छापायचा पत्ता म्हणून तिने सांगलीचं सासरचं घर दिलं होतं. तेच पुन्हा देता आलं असतं. केंद्राला हवा होता तो पुरावा सध्याच्या राहण्याचा, आणि तो तर आता होताच. पण छापायच्या पत्त्यातही तिने रायस्वाइकचं घर लिहिलं. रस्ता, घरक्रमांक, पिनकोड, एकही अक्षर न चुकवता.

काचेमागे तोच मुलगा होता. त्याने उतारा अर्जाशी ताडून पाहिला. "आंटी, पासपोर्ट पे इंडिया का नहीं, यहाँ का ही पता प्रिंट कराना है? पक्का?"

"पक्का," ती म्हणाली, आणि सगळ्या प्रतींवर सह्या करून दिल्या.

पासपोर्ट यायला वेळ लागला. सांगलीला पोलीस चौकशी करून गेले, असं जावेने फोनवर सांगितलं. मग एका सकाळी कुरियरवाला आला. दार हेमचंद्राने उघडलं. सही त्याला करावी लागली. पाकीट घेऊन तो उभा जिना चढून वर आला, धापा टाकत, पहिल्यांदाच. वर आला आणि छपराला डोकं आपटलं.

"आलं तुमचं. झालं ना समाधान?" तो टाळू चोळत म्हणाला. "आता कधी निघताय?"

सुहासिनीने पाकीट कात्रीने सरळ कापलं. आत जुना पासपोर्ट होता, 'रद्द'चा शिक्का मारलेला, आणि नवा, करकरीत. तिने नव्याचं शेवटचं पान उघडून त्याच्यापुढे धरलं. नवऱ्याच्या रकान्यात अरुणचं नाव, आणि त्याखाली हेमचंद्र सबनिसांच्या घराचा पत्ता, भारत सरकारच्या छापील अक्षरांत.

त्याने वाचलं. दोनदा वाचलं.

"हे... हे इथलं कशाला?"

"राहते ना मी इथे. दहा वर्षांची मुदत आहे, भावोजी."

तो काही तरी म्हणणार होता, पण इतका जिना चढून घसा कोरडा पडला होता. "चहा..." तो सवयीने म्हणाला, आणि मध्येच थांबला.

"खाली भांडं आहे," ती म्हणाली.

तो उतरला. तिने पासपोर्ट अरुणच्या तसबिरीपुढे उभा ठेवला आणि पलंगावर बसून ऐकत राहिली. पहिल्या कपाटाचं दार उघडलं, बंद झालं. दुसरं उघडलं. मग एक खण, मग आणखी एक. "साखर कुठे असते?" खालून आवाज आला.

तिने टोपली ओढली आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.